मतदानासाठी दोन तास हवेत, पण कामावर माणसंच कमी आहेत

प्रश्न : मी एका खासगी रक्ततपासणी केंद्रात बिलिंग काउंटरवर काम करते. माझी वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. महापालिकेच्या निवडणुकीचं मतदान गुरुवारी आहे आणि माझं मतदान केंद्र कामापासून बसने पस्तीस-चाळीस मिनिटांवर आहे. आमच्याकडे दोन जागा महिनाभर रिकाम्या आहेत. काउंटरवर आम्ही दोघी, रक्त घ्यायला दोघे आणि आत मशिनवर एक तंत्रज्ञ, एवढेच उरलोय. त्या दादांचं नाव गावच्या यादीत आहे, बाकी चौघांची मतं इथलीच. मी सुट्टीचा विषय काढला तर सर म्हणाले, “ती सुट्टी बँका आणि सरकारी ऑफिसांना असते, आपल्याला नाही. एकीला सोडलं तर सगळे मागतील.” मला पूर्ण दिवस नकोच आहे, दोन तास मिळाले तरी पुरे. भांडण न करता कसं मागू?

उत्तर :

तुमचे सर अर्धं बरोबर बोलताहेत, आणि ते अर्धं आधी मान्य केलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल. मतदानाच्या दिवशी सरकार जी सार्वजनिक सुट्टी जाहीर करतं ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली असते. तिने बँका आणि सरकारी कार्यालयं बंद राहतात, खासगी आस्थापना आपोआप बंद होत नाही. पण खासगी नोकरदारांसाठी दुसरा कागद निघतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीआधी राज्याचा उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग स्वतंत्र आदेश काढतो. दुकानं, व्यापारी आस्थापना, हॉटेलं, कारखाने, आयटी कंपन्या, मॉल अशी सगळी खासगी ठिकाणं त्यात घेतलेली असतात. मतदार असलेल्या कर्मचाऱ्याला भरपगारी सुट्टी द्यावी, आणि अपवादात्मक परिस्थितीत पूर्ण दिवस देणं शक्य नसेल तर मतदानासाठी दोन ते तीन तासांची सवलत द्यावी, असा त्याचा सर्वसाधारण साचा. तुम्ही मागताय ते नेमकं हेच.

एक चूक इथे फार होते. सुट्टी मागणारे लोक १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातल्या कलम १३५ब चा हवाला देतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार अर्जांतही तेच कलम असतं. त्यात भरपगारी सुट्टी आहे, पगार कापायला मनाई आहे, सुट्टी न देणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंडही आहे. पण ते कलम लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीपुरतं आहे. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांना ते लागू नाही. तुमच्या अर्जात ते कलम दिसलं आणि सरांनी तो त्यांच्या सीएला किंवा वकिलाला दाखवला, तर “हे आपल्याला लागूच नाही” एवढ्या एका वाक्यात अर्ज निकाली निघेल, आणि मग खरा आदेश पुढे केलात तरी त्याचं वजन उतरलेलं असेल. म्हणून कलम लिहूच नका. कामगार विभागाच्या आदेशाची तारीख आणि विषय लिहा.

हा आदेश प्रत्येक निवडणुकीला नव्याने निघतो, म्हणून मागच्या वेळची प्रत उपयोगाची नाही. बहुतेकदा तो मतदानाच्या थोडेच दिवस आधी येतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय आणि परिपत्रकांत तो सापडतो, महापालिकेच्या प्रसिद्धिपत्रकात आणि वर्तमानपत्रांतही येतो. हाती आला की तीन गोष्टी पाहा. तुमची महापालिका आणि मतदानाची तारीख त्यात आहे का. तासांची सवलत द्यायची तर मालकाने आधी कुणाची परवानगी घ्यायची आहे. महापालिकेच्या निवडणुकीत हे सहसा महापालिका आयुक्त किंवा जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. आणि निवडणूक क्षेत्राबाहेर काम करणाऱ्यांविषयी काय म्हटलंय. राहायला एका शहरात आणि नोकरीला शेजारच्या शहरात असलेल्यांना हा तिसरा मुद्दा उपयोगी पडतो, कारण या आदेशांत सुट्टी मतदाराला असते; तो कामाला त्या हद्दीबाहेर जात असला तरी ती मिळते. तुमच्या चौघांपैकी कुणाचं नाव शेजारच्या, त्याच दिवशी मतदान असलेल्या महापालिकेत असेल तर त्यालाही हेच लागू.

दुसऱ्या मुद्द्यातली परवानगीची अट नीट समजून घ्या. मूळ नियम पूर्ण दिवसाच्या भरपगारी सुट्टीचा आहे. तासांची सवलत हा मालकासाठी ठेवलेला अपवाद आहे, आणि तो वापरण्यासाठी परवानगी त्याने घ्यायची आहे, कर्मचाऱ्याने नाही. म्हणजे तुम्ही दोन तास मागता तेव्हा तुम्ही त्यांना सवलत देत असता. हे तोंडाने ऐकवायची गरज नाही, पण बोलताना आवाज पडू नये म्हणून मनात असू द्या.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. सरांचा आक्षेप कायद्याचा नाहीच. “एकीला सोडलं तर सगळे मागतील” हे वाक्य पाळ्या लावणाऱ्या माणसाचं आहे. काउंटरसमोर रांग लागलीय, एक जण गेलाय, दुसरा निघायच्या तयारीत आहे, पहिला कधी येणार ते माहीत नाही, हे चित्र त्यांना दिसतंय. तुम्ही एकट्याने दोन तास मागितलेत तर ही भीती तशीच राहते. चौघांचं वेळापत्रक तुम्हीच करून नेलंत तर “सगळे मागतील” या शंकेचं उत्तर तुमच्या हातातल्या कागदावरच असतं.

त्यासाठी आधी प्रत्येकाला किती वेळ लागेल ते काढायला हवं, आणि त्याची सुरुवात मतदान केंद्र नक्की कुठे आहे इथून होते. विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा महापालिकेला असेलच असं नाही. यादी विधानसभेचीच घेतात, पण ती प्रभागांप्रमाणे फोडतात, आणि त्यात केंद्र बदलू शकतं. भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर नाव शोधलंत तर विधानसभेचं केंद्र दिसेल. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाच्या `mahasecvoterlist.in` या संकेतस्थळावर शोधा. प्रभाग क्रमांक, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता कागदावर लिहून घ्या. चुकीच्या शाळेत पोहोचून परत फिरणं हे दोन तासांचे साडेतीन तास होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ते आदल्या रविवारी पाच मिनिटांत टाळता येतं.

मग वेळ मांडा. महापालिकेच्या मतदानाची वेळ साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असते. लोकसभा-विधानसभेला सहापर्यंत मतदान चालतं, त्यामुळे “सुटल्यावर जाता जाता करू” असं पुष्कळ जण धरून चालतात आणि दार बंद झालेलं पाहतात. तुमची सुटायची वेळच साडेपाच, म्हणजे संध्याकाळ बाद. सकाळी साडेसातला पहिल्या रांगेत उभं राहिलात तरी मत देऊन बाहेर पडायला आठ-सव्वाआठ, बस धरून काउंटरवर पोहोचायला नऊ. आणि उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची तुमच्याकडची गर्दी तेव्हाच असते. मालक उशिरा यायला हो म्हणालेच तर त्यांच्या सगळ्यात अडचणीच्या अर्ध्या तासात तुम्ही जागेवर नसाल. म्हणून सकाळही सोडून द्या.

उरते ती दुपार, आणि ती दोन्हीकडून सोयीची आहे. रक्ततपासणी केंद्रात साडेदहानंतर गर्दी ओसरते. मतदान केंद्रावरही सकाळची लाट आणि शेवटच्या तासाची धावपळ यांच्यामध्ये, जेवणानंतरच्या वेळात, रांग सहसा सर्वांत लहान असते. तुमचा हिशेब असा : जायला चाळीस मिनिटं, रांग आणि मतदानाला तीस, परतीला चाळीस, वर दहा मिनिटं राखीव. एकूण दोन तास. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी याच वेळात धरली, तर काउंटरवरून तुमची खरी अनुपस्थिती दीड तासाची. सरांशी बोलताना हा दीड तासाचा आकडा सांगा.

रांगेला तीस मिनिटं का धरली, तेही सांगतो. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात, आणि बहुतेक प्रभागांत मतदाराला चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण, कुणालाच द्यायचं नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’. चारही झाल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. पुष्कळ जण एक बटण दाबून बाहेर यायला निघतात, अधिकारी त्यांना परत पाठवतो, आणि मागची रांग थांबते. त्यामुळे विधानसभेच्या अनुभवावरून “दहा मिनिटांत होतं” असं सांगू नका. त्या दहाची तीस झाली तर शब्द तुमचा पडतो.

चौघांचं वेळापत्रक साधारण असं बसेल. बाकी तिघं जवळ राहतात आणि त्यांना एकेक तास पुरतो असं धरलंय. तुमच्याकडे वेगळं असेल तर आकडे बदला, रचना तीच ठेवा.

रक्त घेणारे पहिले : १०.४५ ते ११.४५
काउंटरवरची तुमची सहकारी : १२.०० ते १.००
तुम्ही : १.१५ ते ३.१५
रक्त घेणारे दुसरे : ३.३० ते ४.३०

या मांडणीत कुठल्याही क्षणी एकच माणूस बाहेर असतो. काउंटरवर एक आणि रक्त घ्यायला एक कायम राहतात, आतले तंत्रज्ञ दिवसभर जागेवर आहेत आणि त्यांना रक्त घेता येत असेल तर तो आणखी एक आधार. प्रत्येक दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवलीत ती शोभेसाठी नाहीत. पहिला माणूस वीस मिनिटं उशिरा आला आणि मध्ये मोकळी वेळ नसेल, तर तो उशीर पुढे सरकत जातो आणि शेवटच्या माणसाचं मत बुडतं. शेवटची पाळी साडेतीनला ठेवण्याचं कारणही हेच. सगळं मिळून अर्धा तास घसरलं तरी तो चारला निघेल आणि वेळेत रांगेत लागेल. साडेपाचच्या आत जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, साडेपाचनंतर आलेल्याला नाही. पण ही सोय अडचणीसाठी राखून ठेवा, वेळापत्रक त्यावर बांधू नका. आणि लांबचं केंद्र असलेल्याला शेवटची पाळी कधीच देऊ नका.

या कागदाखाली एक ओळ लिहा : चौघांचे मिळून पाच तास, त्यातला एक तास काउंटरवरच्या दोघींच्या जेवणाच्या सुट्टीचा, म्हणजे केंद्राचे कामाचे फक्त चार तास. पूर्ण दिवसाची सुट्टी चौघांना दिली तर चार माणसांचे चार दिवस जातात. ही तुलना सरांना स्वतः करू दे; आकडे शेजारी शेजारी दिसले की ती आपोआप होते.

मागायचं कधी आणि कुणाकडे? तुमच्याकडे पाळ्या सर लावत असतील तर सरांकडे. वेगळा सुपरवायझर लावत असेल तर आधी त्याच्याकडे. त्याला डावलून वर गेलात तर तो कागद कितीही चांगला असला तरी त्यात खोट काढेल. वेळ म्हणाल तर मतदानाच्या पाच-सहा दिवस आधी, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ठरण्यापूर्वी. फार आधी मागितलंत तर “तेव्हाचं तेव्हा पाहू” होतं, आणि आदल्या दिवशी मागितलंत तर नाही म्हणणं त्यांनाही सोपं जातं. सकाळच्या गर्दीत विषय काढू नका, दुपारी काढा. शक्यतो तुम्ही आणि रक्त घेणाऱ्यांपैकी एक असे दोघेच जा. चौघे एकदम केबिनमध्ये गेलात तर ती मागणी मोर्चासारखी वाटते, शिवाय बाहेर काउंटर मोकळा राहतो, म्हणजे ज्याची भीती त्यांना आहे ते तुम्हीच करून दाखवता.

बोलणं लहान ठेवा. “सर, गुरुवारी पूर्ण सुट्टी कुणालाच नकोय. आम्ही चौघं एकेक करून दुपारच्या वेळेत जाऊन येतो. एका वेळी एकच बाहेर राहील. हे वेळापत्रक बघा, तुम्हाला कुठे बदल हवा असेल तर सांगा.” शेवटचं वाक्य विसरू नका. त्यांनी एखादी पाळी पंधरा मिनिटं इकडेतिकडे केली की ते वेळापत्रक त्यांचं होतं, आणि स्वतः दुरुस्त केलेल्या कागदाला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

तोंडी होकार मिळाला तरी त्याच दिवशी लेखी द्या. गुरुवारी सर बाहेरगावी असले आणि दुसरंच कुणी जबाबदारीवर असलं, तर “मला काही माहीत नाही” हे उत्तर तयार असतं. अर्ज असा लिहिता येईल :

> प्रति, मा. व्यवस्थापक
> विषय : महापालिका निवडणुकीत मतदानासाठी दोन तासांची सवलत मिळणेबाबत
>
> महोदय,
> (तारीख) रोजी महापालिकेच्या निवडणुकीचे मतदान आहे. माझे नाव प्रभाग क्र. (…), यादी भाग क्र. (…), अनुक्रमांक (…) येथे असून मतदान केंद्र (पत्ता) येथे आहे. मतदानाची वेळ व माझी कामाची वेळ जवळपास एकच असल्याने कामाआधी किंवा नंतर मतदान करणे मला शक्य नाही.
>
> कामगार विभागाच्या (तारीख) च्या आदेशानुसार मला त्या दिवशी दुपारी १.१५ ते ३.१५ या वेळेत वेतनकपात न करता मतदानास जाण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. माझी जेवणाची सुट्टी याच वेळेत समाविष्ट आहे. माझ्या अनुपस्थितीत काउंटरचे काम (सहकाऱ्याचे नाव) पाहतील. मतदानाची तारीख बदलल्यास हीच विनंती बदललेल्या तारखेस लागू समजावी.
>
> आपली विश्वासू

आदेश तोवर निघाला नसेल तर ते वाक्य “कामगार विभागाच्या आदेशाची प्रत निघताच सादर करेन” असं करा आणि नंतर खरोखर द्या. तारीख बदलण्याची ओळ उगाच घातलेली नाही. २ डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत निवडणुकीत काही ठिकाणचं मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर गेलं होतं. तसं झालं तर पुन्हा पहिल्यापासून विनवण्या नकोत. अर्ज छापून द्यायचा नसेल तर हाच मजकूर कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न टाकता सरांना वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर टाकला की त्यांना सगळ्यांसमोर निर्णय द्यावा लागतो, आणि सगळ्यांसमोर माणूस जास्त कडक होतो.

उत्तरादाखल काय काय येऊ शकतं? “जा, पण अर्धा दिवस कापीन” हे बहुधा येईल. तेव्हा आदेशातली भरपगारी हा शब्द असलेली ओळ दाखवा आणि एवढंच म्हणा, “सर, यात पगार कापता येत नाही असं आहे, अकाउंटवाल्यांना एकदा विचारून घ्याल का?” त्यांना मागे फिरायला जागा राहते. “त्याऐवजी शनिवारी दोन तास जास्त थांबा” असं म्हणाले तर तुमचं तुम्ही ठरवा. आदेशाप्रमाणे भरपाई करून द्यायला तुम्ही बांधील नाही, पण दोन जागा रिकाम्या असताना स्वखुशीने एखादा तास थांबून संबंध नीट राहत असतील तर माझ्या मते त्यात कमीपणा नाही. फक्त “विनावेतन रजा” असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, आणि नैमित्तिक रजेचा अर्ज भरून देऊ नका. ती रजा तुमच्या वर्षाच्या कोट्यातून जाते आणि पुढे ताप आला तर तेवढी कमी पडते.

“आपली सेवा अत्यावश्यक आहे” हेही ऐकू येईल. ते खरं असलं तरी त्याने फार तर पूर्ण सुट्टीऐवजी तासांची सवलत ठरते. मत देऊच नका असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही तर तासच मागताय, तेव्हा या मुद्द्यावर वाद घालण्याचं कारणच नाही. “हो सर, म्हणूनच दोन तासच मागतोय” म्हणायचं. आणि “परवानगी काढावी लागेल, कोण फेऱ्या मारणार” असं म्हणाले, तर अर्ज टाइप करून द्यायची तयारी दाखवा : आस्थापनेचं नाव, पत्ता, चौघांची नावं, पाळ्यांच्या वेळा, आणि पूर्ण सुट्टी देणं का शक्य नाही याची दोन वाक्यं. सही त्यांची, टपाल तुमचं.

सगळं करूनही स्पष्ट नकार आला, तर मतदानाच्या आधीच हालचाल करावी लागेल. हे आदेश सवलत न मिळाल्याने मत देता आलं नाही अशी तक्रार आल्यास कारवाई होईल असंही बजावतात, पण नंतरच्या कारवाईने तुमचं मत परत येत नाही. आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा महापालिकेच्या निवडणूक कक्षात फोन करून आस्थापनेचं नाव सांगा आणि त्यांनी समज द्यावी अशी विनंती करा. मुंबईत असाल तर महापालिकेचा दुकाने व आस्थापना विभाग. तिकडून एक फोन आला की बहुतेक मालक वेळ देतात. त्यात तुमचं नाव उघड होण्याची शक्यता मात्र असतेच. पाच माणसांच्या ठिकाणी कुणी फोन केला हे ओळखायला वेळ लागत नाही, म्हणून हे पाऊल चौघांनी मिळून ठरवून उचला, एकटीने नको.

गुरुवारी निघण्यापूर्वी मूळ ओळखपत्र आणि भाग क्रमांक-अनुक्रमांकाची चिठ्ठी पर्समध्ये आहे ना ते पाहा. ओळखपत्राचा मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर जाऊ नका, कारण मतदान कक्षात मोबाइल नेता येत नाही आणि तो बाहेर कुणाकडे ठेवायचा हा प्रश्न ऐन वेळी दहा मिनिटं खातो. शक्य असेल तर मोबाइल काउंटरवरच सहकारीकडे ठेवून जा. मोबाइल जवळ नसला की उशीर झाल्याचं कळवता येणार नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा : सव्वातीनला तुम्ही आला नाहीत तर साडेतीनच्या पाळीवाल्याने निघायचंच, तुमची वाट पाहत थांबायचं नाही. मोबाइल बरोबर नेलाच असेल आणि केंद्रावर पोहोचून रांग फारच मोठी दिसली किंवा मशिन बंद पडलेलं असलं, तर आत जाण्यापूर्वी फोन करून अर्धा तास वाढवून मागा. न सांगता वाढवलेला अर्धा तास पुढच्या निवडणुकीत चौघांनाही नडेल.

परत आल्यावर पुरावा मागितला तर बोटावरची शाई दाखवा. मतदान केंद्रावर पावती मिळत नसते, आणि मशिनसमोरचा फोटो काढणं गुन्हा आहे, तो कुणी मागितला तरी काढू नका. कुणाला मत दिलं हे विचारण्याचा अधिकार मालकाला नाही.

हजेरी अंगठ्याच्या मशिनवर असेल तर शेवटचं एक काम उरतं. बाहेर जाताना आणि येताना अंगठा लावलात की प्रणाली मधले दोन तास वजा करते, आणि कामाचे तास ठरावीक आकड्याखाली गेले तर आपोआप अर्धा दिवस लावते. सरांनी तोंडाने हो म्हटलेलं मशिनला ठाऊक नसतं. म्हणून त्याच संध्याकाळी हजेरी पाहणाऱ्याला मंजूर अर्जाची प्रत पाठवून तुमच्या चौघांच्या नावापुढे ‘मतदान सवलत’ अशी नोंद करायला सांगा, आणि महिनाअखेरीस पगारपत्रक आलं की त्या गुरुवारचा रकाना तपासा. कपात दिसली तर त्याच आठवड्यात, अर्जाची प्रत जोडून, लेखी कळवा. पुढच्या महिन्याचा पगार निघाला की तो फरक काढून घेणं दुप्पट कटकटीचं होतं.